‘घाबरट’ हा शब्द मागे घेताना

गेल्या वर्षी जून महिन्यात, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, रात्री अकराच्या सुमारास माझ्या मैत्रिणीचा मेसेज आला. आम्ही सोलापुरात बी.एड.ला एकत्र होतो. दोघीही उर्दू शाळांत मराठी शिकवतो. घरात दोघींचं बोलणं दखनी, पण एकमेकींना लिहायचं ते मराठीतच, असं आम्ही त्या वर्षी ठरवलं होतं. जी भाषा वर्गात शिकवायची ती आधी आपल्या हाताला लागू दे, म्हणून. ती सवय वीस वर्षं टिकली. त्यामुळे हा मेसेजही मराठीत होता.

तिनं लिहिलं होतं, ‘एक सांगायचं आहे, हसू नकोस. मी तीन आठवड्यांपासून काउन्सेलरकडे जाते. दर बुधवारी चार वाजता. मला एसटीत बसलं की छाती धडधडते, हात बधिर होतात, आता आपण पडणार असं वाटतं. जानेवारीपासून चाललंय. कितीतरी वेळा मध्येच उतरले. दोनदा तर तिथून चालत शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी उशिराबद्दल विचारलं. नोकरी सोडावी असं मनात यायला लागलं तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ईसीजी काढला, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, सगळं ठीक निघालं. मग त्यांनीच काउन्सेलरचं नाव दिलं. घरी फक्त ह्यांना माहीत आहे. तुला सांगावंसं वाटलं.’

ती बार्शीला राहते आणि तिची शाळा वैरागच्या बाजूला आहे. एसटी ही तिच्यासाठी हौसेची गोष्ट नाही. ती चुकली की हजेरीपटावर लाल शेरा.

मेसेज वाचून माझी नजर ‘हसू नकोस’ या दोन शब्दांवरच थांबली. ते तिनं उगाच लिहिलेले नव्हते. बी.एड.च्या सराव पाठांच्या वेळी फळ्यासमोर उभं राहिलं की तिचे हात थरथरायचे, खडू हातातून निसटायचा. तेव्हा तिला ‘घाबरट’ हे नाव मी दिलं. प्रेमानंच दिलं, असं मी वर्षानुवर्षं समजत होते. सगळा ग्रुप तिला त्याच नावानं हाक मारायचा. तीन-चार वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात आम्ही भेटलो, तेव्हा ती जेवताना सहज म्हणाली होती, ‘हल्ली मला गर्दीत कसंतरीच होतं गं.’ मी म्हटलं, ‘तू पहिल्यापासून घाबरटच!’ आणि हसले. तीसुद्धा हसली, आणि विषय संपला. आता मला कळत होतं की तो विषय संपला नव्हता. माझ्यापुरता बंद झाला होता.

तिला उत्तर लिहायला मला त्या रात्री तासभर लागला. एरवी मुलांना पत्रलेखन शिकवणारी मी, आठ-दहा ओळींसाठी तीनदा अडले. ती इथे मांडते, कारण असा मेसेज आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकाला येणार आहे. ही हकीकत लिहायला मैत्रिणीची परवानगी आहे.

पहिल्यांदा लिहिलं ते असं होतं: ‘अगं टेन्शन घेऊ नकोस. सगळ्यांना होतं असं. अल्लाहवर भरोसा ठेव, फजरनंतर थोडी तिलावत करत जा, सकाळी चालायला जा, चहा कमी कर. काही होत नाही, तू स्ट्राँग आहेस.’

पाठवायच्या आधी वाचलं आणि लाज वाटली. यात एकही वाक्य तिच्या मेसेजला उत्तर देत नव्हतं. तिनं सल्ला मागितलाच नव्हता. सल्ला घ्यायला ती योग्य ठिकाणी गेली होती आणि ते तिनं मला सांगितलं होतं. ‘सगळ्यांना होतं’ म्हटलं की तिनं सहा महिने जे सोसलं ते एका फटक्यात सामान्य होऊन जातं. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे तर जिला झोप लागत नाही तिला ‘झोप’ म्हणण्यासारखं. भरोशाच्या वाक्यात तर एक आरोप लपलेला होता, तो मला लिहिताना दिसला नाही, वाचताना दिसला. ती पाच वेळची नमाजी. तिला ‘भरोसा ठेव’ म्हणणं म्हणजे तुझा भरोसा कमी पडला म्हणून छाती धडधडते, असं म्हणणं. ज्या दुआ आपल्याला लहानपणी पाठ करून घेतल्या, त्यांत काळजी आणि दुःख यांपासून पनाह मागण्याची दुआ आहे, आणि ती खुद्द नबींनी मागितलेली आहे. काळजी वाटणं ही ईमानची कमतरता असती तर ती दुआ कशाला असती? हे तिला मी समजावून सांगायची गरज नव्हती. फक्त तिच्यावर उलटं ओझं टाकायचं नव्हतं.

ते खोडलं. दुसऱ्यांदा लिहायला बसले तेव्हा ‘घाबरट’ डोक्यात घुमत होतं. म्हणून माफीच लिहीत गेले. मी किती चुकले, मला किती वाईट वाटतंय, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मला झोप लागणार नाही. लिहून झालं तेव्हा त्यात ‘मी’ आणि ‘मला’ किती वेळा आलंय ते मोजलं. विद्यार्थ्यांच्या वहीत पुनरुक्ती दिसली की मी खाली लाल रेघ मारते. इथं अकरा रेघा मारायला लागल्या असत्या. हा मेसेज गेला असता तर रात्री साडेअकराला तिलाच माझी समजूत काढत बसावं लागलं असतं. ‘अगं नाही गं, तू कुठं काय चुकलीस.’ तिनं आपली गोष्ट सांगितली आणि मी तिच्या हातात माझी दिली, असं झालं असतं.

तिसऱ्या वेळी प्रश्नच प्रश्न आले. काउन्सेलर बाई आहेत की पुरुष? काय विचारतात? नक्की काय झालंय म्हणाले? हे डिप्रेशन आहे का? गोळ्या तर चालू केल्या नाहीत ना? यातला एकेक प्रश्न काळजीतून आलेला, पण एकत्र वाचले तर पोलीस ठाण्यातल्या जबाबासारखे. ‘गोळ्या तर नाहीत ना’ यातला ‘तर नाहीत ना’ तर फारच वाईट. काउन्सेलर गोळ्या देत नाहीत; गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे, म्हणजे त्या विषयाच्या डॉक्टरांकडे पाठवतात. उद्या तिला खरंच गोळी लागली, तर माझा हा प्रश्न आठवून ती मला सांगणार नाही, एवढंच त्यातून निष्पन्न झालं असतं.

आणि ‘नक्की काय झालंय’ हा प्रश्न मला का हवा होता? विचार केला तेव्हा लक्षात आलं, मला नाव हवं होतं. एकदा नाव मिळालं की ती कुठल्या कप्प्यात ठेवायची ते कळतं. ‘घाबरट’ हाही असाच कप्पा होता. आता त्या जागी इंग्रजी, जरा शिकलेलं नाव ठेवलं असतं, एवढाच फरक. तिनं मात्र आपल्या मेसेजमध्ये कुठलंच नाव वापरलं नव्हतं. छाती धडधडते, हात बधिर होतात, पडणार असं वाटतं. काय होतं ते सांगितलं होतं, मी कोण आहे ते नव्हतं सांगितलं.

इथं मला माझ्या विषयानं मदत केली. सातवीच्या मुलांना मराठी शिकवताना एक गोष्ट दरवर्षी फळ्यावर येते. मराठीत आपण ‘मी भीती आहे’ म्हणत नाही. ‘मला भीती वाटते’ म्हणतो. भूक मला लागते, थंडी मला वाजते, राग मला येतो, काळजी मला वाटते. उर्दूतही तेच, ‘मुझे घबराहट होती है’. म्हणजे आपल्या दोन्ही भाषांत भीती बाहेरून येते, माणसाला वाटते, आणि ओसरतेही. माणूस वेगळा, भीती वेगळी. मुलांना मी हे विभक्तीसाठी शिकवते, मार्कांसाठी. पण ज्या क्षणी आपण ‘ती घाबरट आहे’ म्हणतो, त्या क्षणी ‘तिला’चं ‘ती’ होतं आणि ‘वाटते’चं ‘आहे’ होतं. वाटणारी गोष्ट जाऊ शकते. असणारी कशी जाणार?

बी.एड.ला मानसशास्त्राच्या तासाला आम्हाला शिकवलं होतं, की मुलाच्या वहीत ‘आळशी’ लिहू नका, ‘तीन दिवसांचा गृहपाठ राहिला आहे’ असं लिहा. त्यात मला चांगले मार्क मिळाले होते. शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला मी त्याच वर्षी ‘घाबरट’ म्हणत होते.

मग चौथ्यांदा लिहिलं. ठरवलं, की तिनं वापरलेलेच शब्द वापरायचे, तिनं न वापरलेलं नाव आपण द्यायचं नाही. पाठवला तो मेसेज हा:

‘तुझा मेसेज दोनदा वाचला. हसले नाही. जानेवारीपासून तुला बसमध्ये असं होत होतं आणि तू मध्येच उतरून चालत शाळेत जात होतीस, हे मला माहीतच नव्हतं. किती दमली असशील. मला सांगितलंस ते बरं केलंस. हे माझ्यापाशीच राहील, घरातसुद्धा कुणाला सांगणार नाही. तू काउन्सेलरकडे जायला लागलीस ते ऐकून बरं वाटलं. तिथं काय बोलणं होतं ते मला सांगायलाच पाहिजे असं नाही. सांगावंसं वाटलं तर ऐकेन, नाहीतर आपण नेहमीसारखं मुलांच्या निबंधांवर बोलू. मी तुला घाबरट म्हणायचे ते चुकलं, तो शब्द मी मागे घेते. बुधवारी साडेपाचनंतर मी मोकळी असते. फोन करावासा वाटला तर कर, नाही केलास तरी मी रुसणार नाही. याचं उत्तर द्यायची घाई नाही.’

पाठवल्यावर निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. शेवटचं वाक्य मीच लिहिलेलं असून ते पाळणं मला जड गेलं. दोनदा ‘बरी आहेस ना?’ असं टाइप करून खोडलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचं उत्तर आलं, ‘“हसले नाही” वाचून रडले. बरं वाटलं.’ आणि खाली एका विद्यार्थ्याच्या निबंधाचा फोटो. ‘माझा आवडता पक्षी’ या विषयावर त्यानं दोन पानं कोंबडीवर लिहिली होती आणि शेवटी ती रविवारी खाल्ली होती. आम्ही त्यावर अर्धा तास बोललो. एसटीचा विषय निघाला नाही.

मला वाटलं माझं काम झालं. खरं तर चुकायला अजून वाव होता.

जुलैमध्ये ती मला सकाळी फोन करायला लागली. बस स्टँडवरून. ‘आज होईल का गं काही?’ मी म्हणायचे, ‘काही होत नाही, बस तू निवांत.’ ती बसायची, पोहोचायची, पोहोचल्यावर मेसेज करायची. मला अभिमान वाटायला लागला. मग फोन रोज यायला लागला. मग बसण्याआधी एक आणि रस्त्यात एक. एक दिवस मी तासावर होते, फोन घेता आला नाही, आणि त्या दिवशी ती बसमधून उतरली.

बुधवारी तिनं हे काउन्सेलरला सांगितलं. त्यांनी जे समजावलं ते तिनं मला संध्याकाळी फोनवर सांगितलं. हे तिनं आपणहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. छाती धडधडायला लागते ती लाटेसारखी चढते, काही मिनिटांत माथ्याला पोहोचते आणि आपण काही नाही केलं तरी उतरायला लागते. पण आपण लाट चढत असतानाच बसमधून उतरलो, तर ती आपोआप उतरते हे आपल्याला कधी कळतच नाही. मन हिशेब मांडतं, की उतरले म्हणून वाचले. पुढच्या वेळी भीती आणखी आधी, घराच्या दारातच येते. आणि माझा फोनही तसाच होता. ‘काही होत नाही’ ऐकलं की तिला पाच मिनिटं हायसं वाटायचं. पण मन हिशेब मांडायचं, की हिनं सांगितलं म्हणून वाचले. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावं लागायचं, आणि जास्त वेळा. मी जे प्रेमानं देत होते ते तिला पांगळं करत होतं. दोष कुणाचाच नव्हता, पण ते बदलायला हवं होतं.

काउन्सेलरनी तिला एका वहीत पायऱ्या लिहायला लावल्या होत्या. प्रत्येक पायरीपुढे भीतीचे मार्क, शून्य ते दहा. शिक्षिकेला हे बरं जमलं. बस स्टँडवर नुसतं अर्धा तास बसणं, दोन मार्क. उभ्या असलेल्या गाडीत चढून बसणं आणि सुटायच्या आधी उतरणं, चार. पुढच्या थांब्यापर्यंत जाणं आणि मिस्टरांनी मोटारसायकलवर मागे येणं, पाच. तेच एकटीनं, सात. गर्दीच्या वेळी, खिडकीशी, आत अडकल्यासारखं बसून वैरागपर्यंत, नऊ. एक पायरी पुन्हा पुन्हा करायची. भीती वाटत असताना तिथंच थांबायचं, आणि ती बरीचशी खाली आली की मग उठायचं. मार्क वहीत लिहायचे, आधीचे आणि नंतरचे. एका पायरीचे मार्क उतरले की पुढची. ज्या सकाळी शाळेला जायचं त्या सकाळी सराव करायचा नाही. सराव शनिवारी दुपारी आणि रविवारी. तोपर्यंत मिस्टर तिला शाळेत सोडत होते.

या सगळ्यात मी कुठं? ती म्हणाली, ‘मॅडमनी सांगितलंय, मैत्रिणीला फोन करू नका असं नाही, पण तिच्याकडून ग्यारंटी मागू नका.’ मग आम्ही दोघींनी मिळून एक वाक्य ठरवलं. तिनं विचारलं ‘आज काही होईल का?’, तर मी ‘काही होत नाही’ म्हणायचं नाही. ‘भीती वाटतेय ना? वाटू दे. आज कितवी पायरी?’ असं म्हणायचं. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते मला फार कोरडं वाटलं. पलीकडे ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘चौथी.’ आणि फोन ठेवला. त्या दिवशी दिवसभर माझं लक्ष लागलं नाही. मला ‘काही होत नाही’ म्हणावंसं वाटत होतं ते तिच्यासाठी कमी आणि माझी स्वतःची धाकधूक मिटावी म्हणून जास्त, हे त्या दिवशी कळलं.

म्हणून ज्यांना असा मेसेज येईल त्यांना एवढं सांगेन. पहिलं उत्तर एकदाच लिहायचं असतं आणि त्यात आधार भरपूर असू द्या. नंतर रोज पुन्हा पुन्हा तीच खात्री मागितली जायला लागली, तर ते लक्षात घ्या. पण आपणहून एक दिवस ती देणं बंद करू नका. समोरच्याला ते तुटल्यासारखं वाटेल. ‘हे तुझ्या काउन्सेलरला विचारशील का, मी काय म्हटलेलं बरं?’ एवढं विचारा. उत्तर दोघांनी मिळून ठरवा.

दुसरी परीक्षा लग्नात झाली. ऑगस्टमध्ये आमच्या बॅचमधल्या एकीच्या मुलीचा निकाह होता, सोलापुरातच. मैत्रीण आली नव्हती. बार्शी ते सोलापूर म्हणजे तिच्या वहीतली दहावी पायरी, ती अजून पाचवीवर होती. जेवणाच्या दस्तरख्वानवर एक ओळखीच्या आपा माझ्याजवळ सरकून बसल्या. ‘तुमची ती बार्शीवाली कुठाय? कुणीतरी म्हणत होतं, डोक्याच्या डॉक्टरकडे जाते म्हणे. नजर-बिजर लागली असेल, आमच्याकडे एक चांगले आहेत, उतारा करतात.’ माझ्या तोंडावर आलं होतं, ‘तसं काही नाही हो, साधं काउन्सेलिंग आहे.’ तिची बाजू घ्यायची म्हणून. पण बाजू घेताना गुपित फुटलं असतं. आणि ‘साधं’ म्हणून मी त्याचं वजनही कमी केलं असतं. मी म्हटलं, ‘आली नाही, तिला आज जमलं नाही. फोन करा ना तिला, तिला आवडेल.’ आणि बिर्याणी वाढायला घेतली. आपा जरा नाराज झाल्या. झाल्या तर झाल्या.

काउन्सेलरनं किंवा डॉक्टरनं ही गोष्ट बाहेर सांगू नये, हा रुग्णाचा हक्क म्हणून २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलेला आहे. मैत्रिणीसाठी असा कायदा नाही. तिथं फक्त ‘माझ्यापाशीच राहील’ हे आपण लिहिलेलं वाक्य असतं.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथं हे वाक्य आणि ‘उत्तराची घाई नाही’ हे वाक्य, दोन्ही लागू नाहीत. समोरची व्यक्ती जगावंसं वाटत नाही, सगळं संपवावं वाटतं, आपण नसलो तर सगळ्यांचं बरं होईल, अशा अर्थाचं काही बोलली तर. तेव्हा मेसेज लिहीत बसायचं नाही. फोन करायचा आणि सरळ विचारायचं, ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्यानं तसे विचार मनात घुसत नाहीत; उलट बोलायला वाट मिळते. तिला एकटं सोडायचं नाही, घरातल्या विश्वासाच्या माणसाला बोलवायचं, डॉक्टरांकडे न्यायचं. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा २०२२पासून चालू आहे, १४४१६ हा नंबर, चोवीस तास, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. मैत्रिणीच्या बाबतीत ही वेळ आली नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, हे खरं. ती म्हणाली, ‘नाही गं, मला मरायचीच तर भीती वाटते.’ आणि आम्ही दोघी हसलो. त्या हसण्याचं तिला वाईट वाटलं नाही, कारण ते तिनं सुरू केलं होतं.

आता पुढचा जून येऊन गेला. ती सध्या सकाळी एसटीनंच शाळेत जाते. कधीकधी छाती धडधडते. ती खिडकीबाहेर बघत बसते, लाट चढते, उतरते, वैराग येतं. मार्चमध्ये परीक्षेच्या दिवसांत दोन वेळा पुन्हा मध्येच उतरली. वहीत तेही लिहिलं. बुधवार आता महिन्यातून एकदा असतो. सोलापूरला ती अजून एकटीनं आलेली नाही.

हा लेख मी तिला आधी पाठवला. तिनं एकच दुरुस्ती केली. मी एका जागी लिहिलं होतं, ‘ती आता घाबरत नाही.’ तिनं ते वाक्य खोडून खाली लिहिलं, ‘असं नको लिहूस. घाबरते की. पण बसमधून उतरत नाही.’